ग्रॅच्युइटी किती मिळणार? एक एमसीक्यू सोडवता सोडवता समजून घेऊ

मी रबाळे एमआयडीसीत पेरोल बघतो, बारा वर्षं झाली. माझी भाची लेबर लॉचा डिप्लोमा करतेय, ठाण्यात राहते, आणि परीक्षा जवळ आली की तिचे मेसेज सुरू होतात. गेल्या आठवड्यात तिने ग्रॅच्युइटीचा एक प्रश्न पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा माझं उत्तर अ येतंय, आन्सर की मधे ब आहे, की चुकलीय ना?" की बरोबर होती. पण ती ज्या जागी घसरली त्याच जागी आमच्याकडे नोकरी सोडून जाणारी माणसंही घसरतात, म्हणून म्हटलं हा प्रश्नच घेऊन नीट लिहावं, पहिल्यांदा शिकणाऱ्याला पण उपयोग होईल आणि स्वतःचा हिशोब करायचाय त्याला पण.

प्रश्न असा होता (आकडे मी थोडे बदललेत, तोंडी करता यावेत म्हणून):

एक कामगार १० जून २०१३ ला एका कारखान्यात लागला. ३१ जानेवारी २०२५ ला त्याने राजीनामा देऊन नोकरी सोडली. शेवटच्या महिन्याचा पगार: बेसिक १९,५०० रुपये, डीए ३,९०० रुपये, एचआरए ५,२०० रुपये, कन्व्हेयन्स २,६०० रुपये. २०१९ मधे तो आजारपणामुळे ३ महिने रजेवर होता. त्याला ग्रॅच्युइटी किती मिळेल?

अ) १,४८,५०० रुपये
ब) १,६२,००० रुपये
क) १,४०,४०० रुपये
ड) २,१६,००० रुपये

पुढे वाचायच्या आधी एकदा स्वतः करून बघा, कागदावर पाच मिनिटं पण लागत नाहीत.

आधी बघायचं: मिळते का?

बहुतेक जण डायरेक्ट कॅल्क्युलेटर काढतात. थांबा. कायद्यात दोन वेगळे प्रश्न आहेत, एक म्हणजे माणूस पात्र आहे का, आणि दुसरा म्हणजे पात्र असेल तर किती वर्षं धरायची. हे दोन्ही प्रश्न एकात मिसळले की सगळा घोळ होतो.

आपल्या प्रश्नातला माणूस जानेवारी २०२५ मधे बाहेर पडला म्हणजे त्याला पेमेंट ऑफ ग्रॅच्युइटी अ‍ॅक्ट १९७२ लागू (नवीन कोडचं खाली बोलतो). कारखाना असेल तर हा कायदा लागतोच, माणसं किती ते बघावं लागत नाही. दुकान किंवा ऑफिस असेल तर मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा किंवा जास्त माणसं कामाला असली पाहिजेत. आणि एकदा कायदा लागला की लागला, नंतर मालकाने माणसं कमी करून आठवर आणली तरी सुटका नाही.

मग येतात पाच वर्षं. राजीनामा असो की रिटायरमेंट, सलग पाच वर्षं सर्व्हिस लागते. फक्त मृत्यू झाला किंवा अपघात, आजारपणाने कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही, तीन वर्षं झालेली असली तरी तीन वर्षांची मिळते. आपला माणूस अकरा वर्षांच्या वर आहे, त्यामुळे पात्र आहे हे उघड आहे.

आता ती ३ महिन्यांची रजा. भाची इथेच घसरली. तिने एकूण सर्व्हिसमधून तीन महिने वजा केले. पण कायद्यात "सलग" याचा अर्थ रोज हजर असा नाहीये. आजारपण, अपघात, मंजूर रजा, ले-ऑफ, कायदेशीर संप, लॉकआउट, कामगाराची चूक नसताना बंद पडलेलं काम, या कशानेच सर्व्हिस तुटत नाही, ते दिवस सर्व्हिसमधेच धरायचे. न सांगता गैरहजर राहिला तरी सुद्धा नुसत्या गैरहजेरीने तुटत नाही, ती ब्रेक मानायची असेल तर कंपनीने नियमाप्रमाणे तसा ऑर्डर काढलेला असावा लागतो. म्हणजे प्रश्नातले ३ महिने हे शुद्ध आमिष आहे. पेपर सेट करणाऱ्याने टाकलंय कारण त्याला माहितीय की आपण वजाबाकी करणार.

आणि ज्याची सर्व्हिस वरच्या अर्थाने सलग नाही, त्याच्यासाठी २४० दिवसांचा नियम आहे, वर्षभरात २४० दिवस काम केलं असेल तर ते वर्ष सलग धरतात. जिथे आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालतं तिथे हा आकडा १९० आहे, म्हणजे ऐरोलीच्या आयटी पार्कमधे पाच दिवसांचा आठवडा असलेल्या पोरांना १९० लागतात, २४० नाही. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांना पण १९० च.

मग बघायचं: किती वर्षं?

१० जून २०१३ पासून ९ जून २०२४ पर्यंत अकरा वर्षं पूर्ण. १० जून २०२४ पासून ९ जानेवारी २०२५ पर्यंत सात महिने. उरले १० ते ३१ जानेवारी म्हणजे २२ दिवस. एकूण ११ वर्षं ७ महिने २२ दिवस.

नियम असा की पूर्ण झालेलं प्रत्येक वर्ष धरायचं, आणि वरचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तो पण एक पूर्ण वर्ष. ७ महिने २२ दिवस जास्त आहे, म्हणून १२ वर्षं. भाचीने ३ महिने वजा केले होते म्हणून तिच्याकडे ११ वर्षं साडेचार महिने आले, तुकडा लहान पडला आणि उत्तर अ. आता बघा गंमत, ज्याला राउंडिंगचा नियमच माहीत नाही तो पण ११ धरून अ वरच येतो. एक ऑप्शन आणि दोन चुका, पेपर सेटरला सलाम.

"सहा महिन्यांपेक्षा जास्त" मधला "पेक्षा जास्त" नीट वाचा. समजा हाच माणूस ९ डिसेंबर २०२४ ला बाहेर पडला असता तर बरोब्बर सहा महिने झाले असते, जास्त नाही, म्हणजे ११ च वर्षं. १० डिसेंबरला बाहेर पडला तर सहा महिने एक दिवस, म्हणजे १२. एका दिवसाने एका वर्षाची रक्कम जाते किंवा येते. एक ऑपरेटर असाच राजीनाम्याची तारीख ठरवून आला होता, लास्ट वर्किंग डे दोन दिवस पुढे ढकलायला सांगितलं, नोटीस पिरियडमधे बसत होतं म्हणून सहज झालं. नोकरी सोडणार असाल तर आधी जॉइनिंग डेट काढून हे मोजून घ्या.

आता इथलीच सगळ्यात मोठी चूक. ४ वर्षं ७ महिने झालेला माणूस येतो आणि म्हणतो साहेब सहा महिन्यांच्या वर गेलंय, पाच धरा ना. नाही होत. राउंडिंग हा किती वर्षं धरायची याचा नियम आहे, पात्र आहे की नाही याचा नाही. आधी दरवाजातून आत यायचं, मग खुर्च्या मोजायच्या. ४ वर्षं ७ महिन्यांवाला दरवाजाच्या बाहेरच आहे.

पण मग लोक ४ वर्षं २४० दिवस म्हणतात ते काय? ते राउंडिंगमुळे नाही तर त्या वरच्या २४० दिवसांच्या नियमामुळे आहे. युक्तिवाद असा की पाचव्या वर्षात २४० दिवस काम झालं की ते वर्ष सलग सर्व्हिसचं वर्ष धरायचं, म्हणजे पाच वर्षं झाली. मद्रास हायकोर्टाने मेट्टूर बिअर्डसेलच्या केसमधे हे मान्य केलंय. पण तो सगळ्या देशाला बांधणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल नाही, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या सरळ पूर्ण पाच वर्षंच बघतात आणि ४ वर्षं २४० दिवसांवाल्याला भांडावं लागतं. परीक्षेत प्रश्नाची भाषा बघा, २४० दिवस किंवा हायकोर्टाचा निकाल असा उल्लेख असेल तरच त्या वाटेने जा. खऱ्या आयुष्यात माझा सल्ला विचाराल तर चार महिने काढा आणि पाच पूर्ण करूनच निघा, कोर्टात जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पगारातला कुठला भाग घ्यायचा?

१९७२ च्या कायद्यात वेजेस म्हणजे बेसिक अधिक डीए, बस. एचआरए, बोनस, कमिशन, ओव्हरटाइम आणि इतर अलाउन्स धरायचे नाहीत. म्हणून १९,५०० अधिक ३,९०० म्हणजे २३,४००. ज्याने एचआरए आणि कन्व्हेयन्स पण जोडलं त्याचे झाले ३१,२०० आणि तो जाऊन पडला ड मधे.

दुसरी गोष्ट, हा पगार शेवटचा घ्यायचा. २०१३ मधे तो कदाचित आठ हजारावर लागला असेल, काही फरक पडत नाही, बाराही वर्षांना शेवटचाच रेट लागतो. म्हणून तर शेवटच्या वर्षात इन्क्रिमेंट मिळालं की ग्रॅच्युइटी एकदम उडी मारते. सरासरी फक्त पीस रेटवाल्यांची काढतात, शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची, त्यातही ओव्हरटाइम सोडून.

भागिले २६ का, ३० का नाही?

दर वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यायचा हे सगळ्यांना पाठ असतं. भानगड ही की एका दिवसाचा पगार काढायचा कसा. महिन्याचे दिवस ३० असले तरी चार साप्ताहिक सुट्ट्या जातात, महिन्याचा पगार कामाच्या २६ दिवसांचा आहे असं धरतात. पूर्वी यावर खूप वाद झाले, मालक म्हणायचे ३० ने भागा, १९८० मधे सुप्रीम कोर्टाने दिग्विजय वुलन मिल्सच्या केसमधे २६ चा हिशोब बरोबर ठरवला आणि १९८७ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच लिहून टाकलं. त्यामुळे आता वादच नाही, महिन्याच्या पगारावरचा माणूस असेल तर २६ ने भागायचं आणि १५ ने गुणायचं. पाच दिवसांचा आठवडा असला तरी २६ च, तिथे २२ करायचं नाही, हे आयटीवाले हमखास विचारतात.

तर:

२३,४०० ÷ २६ = ९००
९०० × १५ = १३,५००
१३,५०० × १२ = १,६२,०००

उत्तर ब.

३० ने भागलं असतं तर ७८० रुपये रोज, पंधरा दिवसांचे ११,७००, बारा वर्षांचे १,४०,४००, तो झाला क. म्हणजे कामगाराचे २१,६०० रुपये कमी. मला एकदा बाहेरून आलेली फुल अँड फायनलची शीट बघायला मिळाली होती, कंपनीचं नाव नको, तिथे एक्सेलमधे वर्षानुवर्षं ३० च बसलेलं होतं, कोणी बघितलंच नव्हतं. तुमच्या शीटमधे चेक करायचं असेल तर सोपं आहे, मिळालेली रक्कम वर्षांनी भागा आणि ती बेसिक अधिक डीएच्या बरोबर निम्मी आली तर समजा ३० ने भागलंय. २६ ने भागलं असेल तर ती निम्म्यापेक्षा थोडी जास्त येते, साधारण ५७.७ टक्के.

परीक्षेसाठी एक छोटी आयडिया, बेसिक अधिक डीएला २६ ने पूर्ण भाग जात असेल तर समजा तुम्ही बरोबर आकडे घेतलेत, पेपर सेट करणारे सहसा असेच आकडे ठेवतात. पण इथे ३१,२०० ला पण २६ ने पूर्ण भाग जातो, १,२०० येतात, म्हणजे मी मुद्दाम तुम्हाला फसवायला ठेवलंय, तेव्हा या आयडियावर फार विसंबू नका. आणि प्रश्नात पगार रोजंदारीवर दिला असेल, रोज ९०० वगैरे, तर २६ चा प्रश्नच येत नाही, सरळ गुणिले १५.

३० हा आकडा पूर्ण खोटा पण नाही हं. इन्कम टॅक्सच्या पेपरात, जो माणूस या कायद्याखाली येतच नाही त्याची करमाफ ग्रॅच्युइटी काढताना अर्ध्या महिन्याचा सरासरी पगार घेतात आणि तिथे फक्त पूर्ण वर्षंच धरतात, वरचा तुकडा सोडून देतात. लेबर लॉ आणि टॅक्स एकाच आठवड्यात वाचणाऱ्यांचं इथेच मिसळतं.

मर्यादा

२९ मार्च २०१८ पासून वरची मर्यादा २० लाख आहे, त्याआधी १० लाख होती. समजा बेसिक अधिक डीए १,३०,००० आणि ३० वर्षं सर्व्हिस, रोजचे ५,०००, पंधरा दिवसांचे ७५,०००, तीस वर्षांचे साडेबावीस लाख, पण कायद्याने देणं बंधनकारक २० लाखच. कंपनीने स्वखुशीने किंवा करारात जास्त कबूल केलं असेल तर ते मिळतं, कायदा त्याच्या आड येत नाही. एमसीक्यूत मोठा पगार दिसला की शेवटी ही मर्यादा बघायची, आधी नाही.

नवीन कोड आल्यावर काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि १९७२ चा कायदा तिच्यात गेला. पाच वर्षं, १५ दिवस, २६ ने भागणं, सहा महिन्यांचं राउंडिंग, हे सगळं तसंच आहे. दोन गोष्टी मात्र बदलल्या.

एक, फिक्स्ड टर्मवर घेतलेल्या माणसाला पाच वर्षांची अट नाही. कराराची मुदत संपली की केलेल्या कामाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी, सरकारने सांगितलंय की एक वर्ष झालं की पुरे.

दुसरी, वेजेसची व्याख्या. आता एचआरए वगैरे वगळलेले भाग मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेजेसमधे जोडायचा. समजा एकूण पगार ३०,००० आणि कंपनीने बेसिक अधिक डीए मुद्दाम १०,००० च ठेवलंय, बाकी २०,००० अलाउन्स. निम्मे म्हणजे १५,०००, अलाउन्स त्याच्या वर ५,००० जातात, ते ५,००० परत जोडायचे, वेजेस झाले १५,०००. जुन्या हिशोबाने वर्षाला सुमारे ५,७६९ मिळाले असते, आता सुमारे ८,६५४. आपल्या प्रश्नातल्या माणसाला हे लागलं असतं तरी काही फरक पडला नसता कारण त्याचे अलाउन्स ३१,२०० पैकी ७,८०० च आहेत, पाव भाग.

त्यामुळे आता कुठलाही प्रश्न आला की पहिल्यांदा नोकरी सोडल्याची तारीख बघा. तारीखच दिली नसेल तर सिलॅबसमधे कुठला कायदा लिहिलाय त्याप्रमाणे जा.

पैसे मागायचे कसे?

परीक्षेवाल्यांनी फॉर्मची अक्षरं पाठ करावीत, बाकीच्यांनी तारखा. जुन्या नियमांत कामगाराचा अर्ज म्हणजे फॉर्म आय, वारसदार नेमायचा तो फॉर्म एफ. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यायचा, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मुळात अर्ज आला काय न आला काय, रक्कम ठरवून कामगाराला कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. नाही दिली तर साधं व्याज, १० टक्के. आपल्या माणसाचे १,६२,००० अडकले तर वर्षाला १६,२०० म्हणजे महिन्याला १,३५०. उशीर कामगाराच्याच चुकीने झाला असेल आणि कंट्रोलिंग ऑथॉरिटीने, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, तशी लेखी परवानगी दिली असेल तरच व्याज सुटतं.

अर्ज देताना दोन प्रती करा, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. ईमेल केला तर पर्सनल आयडीवरून करा, कंपनीचा आयडी लास्ट वर्किंग डेला संध्याकाळी बंद होतो आणि मग पुरावा पण तिकडेच राहतो. सोबत शेवटची पगार स्लिप आणि जॉइनिंग लेटर हातात असू द्या, कारण वाद झाला तर दोनच गोष्टींवर होतो, शेवटचं बेसिक किती आणि लागल्याची तारीख कुठली.

हो, आणि ऑफर लेटरमधे सीटीसीच्या खाली ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के असं लिहिलेलं असतं, नवीन लागलेली मुलं विचारतात हे आमच्या पगारातून कापतात का. कापत नाहीत. १५ भागिले २६ भागिले १२ करा, ०.०४८१ येतं, बेसिक अधिक डीएच्या तेवढा खर्च कंपनी दर महिन्याला धरून चालते एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांत सोडून गेलात तर तो आकडा तुमच्या सीटीसीत होता पण खिशात कधीच येणार नव्हता. भाचीला हे सांगितलं तर तिचा रिप्लाय, "म्हणजे मामा माझं पॅकेज तेवढंच कमी समजायचं?" पाच वर्षं टिकणार नसशील तर हो.